सात पावलं, सात फेरे नव्हेत



माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न इन्सुलीला तिच्या घरच्या अंगणात झालं. मुलगा आयर्लंडचा, ख्रिश्चन. त्याच्याकडची वीसेक माणसं मोपा विमानतळावर उतरून तासाभरात मांडवात पोचली होती. त्यांना विधी कळावेत म्हणून मराठी-इंग्रजी निवेदन लिहायचं काम मैत्रिणीने माझ्यावर टाकलं. मी बी. कॉम., त्यामुळे आधी वहीत रकाने आखले: विधी, भटजींना लागणारी मिनिटं, मराठी वाक्यं, इंग्रजी वाक्यं. प्रत्येक विधीला दोन्ही भाषांत मिळून अर्धं मिनिट, आणि तेही विधी सुरू होण्याआधी. मंत्र चालू असताना माईकवर बोलायचं नाही.

अंतरपाटाचं सोपं होतं. तिथे पाहुण्यांना अर्थापेक्षा काय करायचं ते आधी हवं असतं. पहिल्यांदा आलेला माणूस हातातल्या सगळ्या अक्षता पहिल्याच कडव्याला उधळून मोकळा होतो. म्हणून लिहिलं, 'प्रत्येक सावधानला थोड्या टाका, शेवटच्यासाठी मूठभर ठेवा. मग पडदा बाजूला होईल आणि हार घातले जातील.' इंग्रजीत 'थ्रो जेंटली' एवढं जास्तीचं. मराठी माणसांनाही ते सांगायला हवं, पण आपलं कोण ऐकतं!

घोळ झाला तो सप्तपदीत. मी लिहिलेल्या चार ओळींत तीन चुका निघाल्या, आणि चारही ओळी मला अगदी बरोबर वाटत होत्या.

पहिली चूक, 'अग्नीभोवती सात फेरे'. हे हिंदी सिनेमातून आपल्या डोक्यात बसलंय. इथे अग्नीजवळ तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि वधू एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते. पाहुणे फेरे मोजत बसले असते आणि पावलं बघायची राहून गेली असती.

दुसरी चूक जास्त मोठी. मी इंटरनेटवरून 'सात वचनं' उतरवली होती: सात जन्म साथ देईन, घरच्यांची सेवा करीन वगैरे. भटजींनी कागद वाचला आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, हे माझ्या पोथीत नाही." त्यांच्या पोथीत पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं भरभराटीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. सातव्या पावलावर वर तिला सखी म्हणतो. आणि मी मात्र भर मांडवात, मुलीच्या तोंडी तिने न दिलेलं वचन घालणार होते!

यावर घरात थोडा वाद झाला. मुलीचा भाऊ म्हणाला, "काकू, 'संतती' इंग्रजीत नको, लोक काय म्हणतील? 'फॅमिली' लिहू." मी ऐकलं नाही. मंत्रात जे आहे तेच भाषांतरात हवं. दोघांना ते पाऊल पटत नसेल तर भटजींशी बोलून ठरवा, पण पोथी एक बोलते आणि माईक दुसरंच, असं नको. मुलगीच म्हणाली, "राहू दे तसंच."

तिसरी चूक कायद्याची. 'सातव्या पावलाने दोघं कायदेशीर पती-पत्नी होतात' असं मी ठोकून दिलं होतं. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीबद्दल तसं कलम आहे, आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. पण त्यासाठी वधू-वर दोघंही त्या कायद्यात बसायला हवेत. हा मुलगा ख्रिश्चन. त्यामुळे यांचं लग्न 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांची नोटीस देऊन, आधीच नोंदवलेलं होतं. शेवटी ते वाक्य काढलं आणि 'नोंदणी झाली आहे, आज हे दोघं आपल्या माणसांसमोर लग्न करत आहेत' एवढंच ठेवलं.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर माझा हा कागद मागू नका. आपल्या दिगंबर विवाहविधीत सात हा आकडा सप्त परमस्थानांशी जोडलेला आहे, सज्जातीपासून थेट निर्वाणापर्यंत. तिथे अन्न, बळ, ऋतू वाचून दाखवलेत तर माझ्यासारखीच फजिती होईल. आपल्या पंडितजींसमोर बसून त्यांच्या पोथीवरून लिहा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. मला त्याला एक संध्याकाळ लागली.

लग्नात सप्तपदीची ओळख मी बावीस सेकंदांत संपवली, तरी मैत्रिणीच्या सासूबाई मागून म्हणाल्याच, "गो बाय, भटजींका जरा बोलूक दी!" मी माईक बंद केला. वराची आई पुढच्या खुर्चीवर बोटं मोजत होती. सहाव्या पावलाला ती माझ्याकडे वळली आणि हळूच विचारलं, "सीझन्स?" मी मान डोलावली.