समजून घ्या : नीटमध्ये एक गुण कापला जातो, सीईटीत नाही, मग गुणांचा अर्थ कसा बदलतो?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बारावी विज्ञानचे हजारो विद्यार्थी दरवर्षी काही आठवड्यांच्या अंतराने दोन परीक्षा देतात. मिरज किंवा साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश हवा असेल तर ‘नीट’ आणि औषधनिर्माण किंवा कृषी अभ्यासक्रमासाठी राज्याची ‘एमएचटी-सीईटी’. विषय तेच, बहुतेक धडेही तेच. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, हेही सारखेच. फरक एकाच नियमाचा आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. सीईटीत चुकले तर काहीच कापले जात नाही.

हा नियम वरवर छोटा वाटतो. पण त्यामुळे गुणपत्रिकेवरच्या आकड्याचा अर्थच बदलतो.

सीईटी : कोरा प्रश्न म्हणजे सोडलेला गुण

सीईटीच्या पीसीबी गटात २०० प्रश्न आणि २०० गुण असतात. समजा, एका विद्यार्थिनीला १०० प्रश्नांची उत्तरे पक्की येतात. उरलेले १०० तिने कोरे सोडले, तर तिला १०० गुण मिळतील. तेच १०० प्रश्न तिने डोळे मिटून सोडवले, तर चारातला एक या हिशेबाने सरासरी २५ बरोबर येतील आणि गुण होतील १२५. नशिबाने साथ दिली किंवा दगा दिला, तरी हा आकडा साधारण ११६ ते १३४ च्या दरम्यान राहतो.

आता दुसरा विद्यार्थी घेऊ. त्याला फक्त ६७ प्रश्न येतात. उरलेले १३३ त्याने अंदाजपंचे सोडवले. त्यांतले सरासरी ३३ बरोबर आले की त्याचेही १०० गुण झाले. म्हणजे १०० प्रश्न येणारी पण प्रामाणिकपणे कोरे सोडणारी विद्यार्थिनी आणि ६७ प्रश्न येणारा हा विद्यार्थी गुणपत्रिकेवर एकाच पायरीवर उभे राहतात.

सगळ्यांनीच सगळे प्रश्न सोडवले, तर हा घोळ बराचसा मिटतो; सगळ्यांचेच गुण फुगतात आणि क्रम जवळपास तोच राहतो. नुकसान होते ते फक्त कोरे सोडणाऱ्याचे. म्हणून दंड नसलेल्या परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे प्रश्न भरून टाकणे हा चलाखीचा नव्हे, साध्या हिशेबाचा भाग आहे.

दंड किती असावा, याचे सूत्र

तुक्क्याचा फायदा काढून टाकण्यासाठी परीक्षाशास्त्रात एक जुने सूत्र आहे. बरोबर उत्तरांच्या संख्येतून चुकीच्या उत्तरांचा ठरावीक हिस्सा वजा करायचा. हा हिस्सा पर्यायांच्या संख्येपेक्षा एक कमी अशा संख्येने ठरतो. पर्याय चार असतील तर एक तृतीयांश. कारण १०० प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले, तर सरासरी २५ बरोबर आणि ७५ चूक येतील. ७५ चा एक तृतीयांश म्हणजे २५. कमावले तेवढेच गेले, तुक्क्याची किंमत शून्य. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत हाच एक तृतीयांश दंड आहे.

नीटमध्ये मात्र दंड ४ गुणांमागे १, म्हणजे एक चतुर्थांश आहे. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययन पेपरमध्येही चुकीच्या उत्तरामागे एक चतुर्थांश गुण कापले जातात. चार पर्यायांसाठी हा दंड सूत्रापेक्षा सौम्य आहे. त्यामुळे नीटमध्ये निव्वळ तुक्काही सरासरीने प्रतिप्रश्न पाव गुण देऊन जातो.

३६० गुण, पण दोन वेगळ्या गोष्टी

नीटच्या १८० प्रश्नांचे उदाहरण पाहू. एका विद्यार्थिनीने ९० प्रश्न बरोबर सोडवले आणि ९० कोरे सोडले. गुण ३६०. दुसऱ्याने सर्व १८० सोडवले. १०८ बरोबर, ७२ चूक. ४३२ मधून ७२ वजा, म्हणजे त्याचेही ३६०.

दुसऱ्याला जास्त येते असे वाटेल. पण त्याला ८४ प्रश्न पक्के येत असतील आणि उरलेल्या ९६ पैकी चारात एक म्हणजे २४ तुक्क्याने जुळले असतील, तरी बेरीज १०८ च होते. म्हणजे कमी जाणणारा आणि जास्त जाणणारी यांना समान गुण. दंड असूनही कोरे सोडणारी मागे पडली, कारण दंड तुक्क्याची भरपाई पूर्ण करत नाही.

तिनेही ९० प्रश्नांवर तुक्के मारले असते तर? सरासरी साडेबावीस गुणांची भर पडली असती. मात्र चढउतार मोठा आहे. साधारण दहापैकी एकदा गुण ३६० च्या खालीही गेले असते. ही जोखीम घ्यायची की नाही, हे विषयाच्या ज्ञानावर नाही, स्वभावावर ठरते. दंडाची परीक्षा नकळत धाडसही मोजू लागते ती इथेच.

हे फक्त तर्काचे म्हणणे नाही. चिलीमध्ये विद्यापीठ प्रवेश परीक्षेतील दंड २०१५ च्या प्रवेशांपासून काढून टाकण्यात आला. त्या बदलाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना दिसले की, आधी मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडत होत्या आणि दंड गेल्यावर ही तफावत बरीच कमी झाली. अमेरिकेतील ‘सॅट’ परीक्षेनेही २०१६ मध्ये दंड बंद केला.

सूत्र कुठे चुकते?

वरचा सगळा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो : उत्तर एकतर पक्के येते किंवा अजिबात येत नाही. प्रत्यक्षात बहुतेक प्रश्न या दोन्हींच्या मधले असतात.

चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळले, तर नीटमध्ये उरलेल्या दोनांतून निवडण्याची किंमत सरासरी दीड गुण होते. असा प्रश्न कोरा सोडणे महागात पडते. उलट बाजूही आहे. प्रश्नकर्ते नेहमीच्या चुकांतूनच पर्याय तयार करतात. सूत्रात वर्ग करायचा विसरला किंवा एकक बदलले नाही, तर येणारे उत्तर पर्यायांत हजर असते. अर्धवट समजलेल्या विद्यार्थ्याला तेच ‘ओळखीचे’ वाटते. अशा वेळी त्याचा अंदाज चारात एकदाही बरोबर येत नाही.

स्वतःचा अंदाज कसा तपासायचा?

नीटमध्ये फायदा-तोट्याची सीमा पाचात एक आहे. सराव परीक्षेत पक्की खात्री नसलेल्या प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलने खूण करावी आणि निकालानंतर फक्त तेवढेच मोजावेत. समजा, अशा ४० खुणा झाल्या. त्यांतले ८ बरोबर आले तर ३२ गुण मिळाले आणि ३२ कापले गेले, हाती शून्य. १२ बरोबर आले तर ४८ मधून २८ वजा, २० गुणांची कमाई. पाचच आले तर २० मिळाले, ३५ गेले.

एका पेपरवरून निष्कर्ष काढू नये. पाच-सहा पेपरांच्या खुणा विषयवार एकत्र कराव्यात. एखाद्याचा जीवशास्त्रातला अंदाज फायद्यात आणि भौतिकशास्त्रातला तोट्यात असू शकतो. तसे दिसले, तर त्याला जीवशास्त्रातले शंकेचे प्रश्न सोडवणे आणि भौतिकशास्त्रातले कोरे ठेवणे परवडते. सीईटीच्या दिवशी मात्र हा नियम घरीच ठेवून जावा. तिथे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही.