आईचे पत्र : न्हाणीघरातील बदल

चि. बाळ यास,

शस्त्रक्रियेला आता पाच आठवडे झाले. काठी घेऊन मी ताईच्या घरात फिरते. दिवाळीपूर्वी सांगलीस परतावे असे मनात आहे. न्हाणीघरात गुळगुळीत संगमरवर बसविण्याचे तू कळविलेस. तो खर्च नको. ओल्या संगमरवरावर पाऊल ठरत नाही. मला काय हवे ते लिहिते.

कमोड फार बुटका आहे. बैठक जितकी खाली, तितका गुडघा अधिक वाकतो आणि उठताना सारा भार त्यावरच येतो. ताईने येथे माप घेतले. ज्या खुर्चीवरून मी सहज उठते ती सतरा इंच उंच आहे. आपला कमोड पंधरा. म्हणून दोन इंच उंची वाढविणारी बैठक आण. दुकानदार चार इंचांची दाखवील, ती घेऊ नकोस; माझ्या टाचा अधांतरी राहतील. ती कमोडला घट्ट आवळलेली असावी. बसताना सरकली तर नसलेली बरी.

मुख्य काम आधाराच्या दांडीचे. टॉवेलची दांडी त्यासाठी नव्हे. गेल्या पावसाळ्यात मी तिलाच धरून उठले आणि ती खिळ्यांसकट हातात आली. तेव्हा तुला सांगितले नव्हते. रबरी वाटीने फरशीला चिकटणारी दांडीही नको. हवा शिरली की ती सुटते. स्टीलची, खरखरीत पकडीची दांडी विटांच्या भिंतीत लांब बोल्टने बसव. भोक पाडण्यापूर्वी भिंतीतून नळ कोठून गेला आहे ते प्लंबरला विचार. जागा अंदाजाने ठरवू नकोस. आत्याबाई माझ्याच उंचीच्या आहेत. नवी बैठक लावून त्यांना तीवर बसव आणि उठताना त्यांचा हात पुढे जेथे जाईल तेथे खूण कर. बसविल्यावर तू स्वतः संपूर्ण भार टाकून ओढून पाहा.

स्नानाला शॉवर नको. एका बादलीत भागते, मग पाणी वाया का घालवावे? मात्र बादली जमिनीवर असली तर प्रत्येक तांब्यासाठी मला वाकावे लागते. ती वीतभर उंच दगडी ओट्यावर ठेव, आणि नळाला रबरी नळी लाव, म्हणजे भरलेली बादली कोणाला उचलावी लागणार नाही. स्नानासाठी रबरी बुटांचा, पाठ असलेला भक्कम स्टूल पुरे.

उंबऱ्यापाशीही एक छोटी दांडी हवी. उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी आणि चढताना चांगला पाय आधी, असे येथील बाईंनी शिकविले आहे. पण पाय बदलताना हात रिकामा राहतो.

एक शेवटचे. कडी अशी बसव की बाहेरून नाण्याने उघडता येईल. सूनबाई प्रेमाने दाराशी उभी राहते, पण मला संकोच होतो. कडी बाहेरून उघडते हे ठाऊक असले, म्हणजे ती स्वयंपाकघरात निर्धास्त राहील आणि मी आत.

दुकानाचा हिशेब सांभाळून ही कामे महिनाभरात उरक. दांडी बसली की ताईच्या फोनवर छायाचित्र पाठव, मगच मी तिकीट काढायला सांगेन.

तुझी आई