मागणी तीच, वाक्यं बदलली

गेल्या महिन्यात आमच्या काकांच्या दारावर जमिनीच्या मोजणीची नोटीस चिकटली. होती फक्त कन्नडमध्ये. काकांना वाचता आली नाही, हरकतीची मुदत निघून गेली. त्या रात्री मी रागात लिहिलं : "कानडी लोकांना आमची भाषा संपवायची आहे. कलम 350 नुसार मराठी नोटीस हा आमचा हक्क आहे. आता गप्प बसायचं नाही!"

सकाळी ते एका कन्नडभाषक मित्राला दाखवलं. विचारलं, "मी काय मागतोय, एका वाक्यात सांग." तो म्हणाला, "तुला कन्नड नोटीस बंद करायची आहे." मी तसं म्हटलंच नव्हतं! पण "सुद्धा" हा शब्दही कुठं लिहिला नव्हता.

मग दुसरा खर्डा केला. सगळ्या भाषा गोड आहेत, आपण सलोख्यानं राहू या, वगैरे. मित्र म्हणाला, "छान आहे. पण तुला हवंय काय?" म्हणजे राग काढताना मागणीच गेली होती.

तिसऱ्या वेळी एकेक वाक्य घेऊन बसलो. नोटीस कार्यालयानं काढली होती, शेजारच्या कन्नडभाषकानं नव्हे. म्हणून "कानडी लोक" खोडून "कार्यालय" लिहिलं. कलम 350 काढलं, कारण ते गाऱ्हाणं कोणत्या भाषेत मांडता येतं याबद्दल आहे, नोटिशीच्या भाषेबद्दल नाही. ते ठेवलं असतं तर सगळी चर्चा त्या चुकीवरच अडकली असती. "हेतू" काढला, कारण तो मला सिद्ध करता येत नाही. काकांची चुकलेली मुदत ठेवली, कारण ती घडली आहे. शेवटी असं झालं :

"जमिनीची नोटीस फक्त कन्नडमध्ये आल्यानं माझ्या काकांची हरकतीची मुदत चुकली. कन्नड ही राज्याची राजभाषा आहे, ती नोटिशीत राहावीच. माझी मागणी एवढीच की, ज्या गावांत मराठी वाचणारे बरेच आहेत तिथं त्याच कागदावर खाली मराठी मजकूरसुद्धा द्यावा. यात कन्नड वाचणाऱ्यांना कोणती अडचण येईल? कार्यालयात काम केलेल्यांनी सांगावं, भाषांतराला किती वेळ आणि माणसं लागतात?"

शेवटचा प्रश्न मुद्दाम असा ठेवला. "तुम्हाला काय वाटतं?" विचारलं की लोक बाजू घेतात, ठराविक अडचण विचारली की माहिती देतात.

मित्रानं पुन्हा वाचलं. म्हणाला, "आता कळलं. पण भाषांतर चुकलं तर कुठला मजकूर खरा धरायचा?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. वाद पडला तर कन्नड मजकूर धरावा, असं एक वाक्य मी त्यात घातलं. मागणी जराही कमी झाली नाही. उलट "हे जमणार नाही" म्हणायला एक कारण कमी झालं.