शेअर वाढला, पोराचा पगार नाही

रुपया घसरला की आपल्या भंडाऱ्यातल्या ग्रुपांवर दोन फौजा उभ्या राहतात. एक म्हणते, देश बुडाला. दुसरी म्हणते, बरंच झालं, आयटीचे शेअर बघा कसे चढले! भाऊ, दोघंही अर्धंच सांगतात.

2018 आठवा. जानेवारीत डॉलर 64 रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबरात 74 ला टेकला. समजण्यापुरता साधा हिशेब मांडू. सॉफ्टवेअर कंपनीने अमेरिकेतल्या ग्राहकाकडून 100 डॉलर घेतले. 30 तिकडेच खर्च झाले, 70 इकडे आले. 64 च्या भावाने झाले 4480 रुपये. हिंजवडीतले पगार, भाडं, वीज यात 3200 गेले, उरले 1280. आता डॉलर 74. तेच 70 डॉलर झाले 5180. पगार तेवढेच, उरले 1980. डॉलर वाढला सोळा टक्क्यांच्या आत, नफा वाढला निम्म्याहून जास्त!

विमान कंपनीचं उलटं. तिकीट 5000 रुपयांचं. इंधन, विमानाचं भाडं, सुटे भाग मिळून 40 डॉलर, म्हणजे 2560 रुपये. बाकी खर्च 2200. उरले 240. डॉलर 74 झाला की तेच 40 डॉलर 2960 चे होतात आणि हातात येतो 160 चा तोटा. तिकीट वाढवावं तर प्रवासी शेजारच्या कंपनीकडे जातो.

हे नुसतं कागदावरचं नाही. जुलै ते सप्टेंबर 2018 मध्ये इंडिगोला 652 कोटींचा तोटा झाला, शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिलाच. कच्चं तेलही तेव्हा महागलं होतं. आधीच कर्जात असलेली मुंबईची जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली.

आता माझा मुद्दा. "आयटी वाढली, आपल्या पोरांचं भलं झालं" म्हणणाऱ्यांनी वरचा हिशेब परत वाचावा. नफा वाढला तो त्या 3200 मुळे, म्हणजे साकोली-तुमसरच्या पोराचा पगार रुपयात जागच्या जागी राहिला म्हणून. पेट्रोल त्यालाही महागच मिळतं. फायदा भागधारकाचा, आणि वर उपकार कुणावर, तर त्या पोरावर!

आणि "रुपया पडला, डोळे झाकून आयटी घ्या" असं फॉरवर्ड करणाऱ्यांनो, 2022 विसरलात का? रुपया 74 वरून 82 वर घसरला, तरी निफ्टी आयटी वर्षभरात चौथाईच्या आसपास पडला. अमेरिकेत मंदीची भीती होती. ग्राहकच काम कमी देणार असेल तर महाग डॉलर काय कामाचा? शिवाय कंपन्या पुढच्या काही महिन्यांच्या डॉलरचा भाव आधीच बांधून ठेवतात, त्यामुळे फायदा लगेच पूर्ण हातात पडत नाही.

म्हणून धानाचे पैसे बाजारात टाकण्याआधी दोनच गोष्टी विचारा. कंपनी कमावते कोणत्या चलनात, खर्च करते कोणत्या? आणि तिचा ग्राहक सध्या खरेदीच्या मूडमध्ये आहे का? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याची टिप त्यालाच परत पाठवा.