दमा आहे आणि वजनं उचलायची आहेत? आधी वॉर्म-अप दुप्पट करा

"डॉक्टर, मला दमा आहे. जिम लावली तर चालेल का?" हिंगोलीतली, वसमतची, कळमनुरीची तरुण मुलं-मुली हा प्रश्न नेहमी विचारतात. माझं उत्तर बहुतेकांना "हो, लावा" असंच असतं. पण त्यापुढे मी एक अट घालतो, आणि जिममध्ये तीच सगळ्यात आधी मोडली जाते. ती अट म्हणजे पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप. ट्रेडमिलवर पाच मिनिटं जोरात पळून थेट बेंच प्रेसला जाणं दम्याच्या माणसासाठी चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे समजून घ्या.

व्यायामाने दम का लागतो?

शांत बसलेले असताना आपण नाकाने श्वास घेतो. नाक ती हवा गरम आणि ओलसर करून आत पाठवतं. जोरात व्यायाम करताना तोंडाने भराभर श्वास सुरू होतो. थंड, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत जाते आणि त्यांचं आतलं अस्तर सुकतं. दम्याच्या रुग्णात हे सुकणंच नलिका आकसायला पुरेसं ठरतं.

म्हणजे त्रास वजनामुळे होत नाही, सलग काही मिनिटं चाललेल्या जोरदार श्वासामुळे होतो. म्हणूनच नवशिक्यासाठी धावण्यापेक्षा वजनांचा व्यायाम मला जास्त सोयीचा वाटतो. दहा-बारा वेळा वजन उचललं की सेट मिनिटभरात संपतो, मग दीड-दोन मिनिटं विश्रांती मिळते. श्वास वाढतो, पण लगेच खाली येतो.

साधी धाप आणि दमा कसा ओळखायचा?

साधी धाप व्यायाम थांबवल्यावर दोन-तीन मिनिटांत कमी होते. दम्याचा त्रास बहुधा उलटा वागतो. थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी तो वाढतो. छाती आवळते, कोरडा खोकला येतो, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. बरेच जण जिममधून बाहेर पडून मोटारसायकलवर बसतात आणि घरी पोहोचेपर्यंत खोकून बेजार होतात. त्यांना वाटतं बाहेरची हवा लागली. खरं कारण बहुतेक वेळा त्याआधीचा व्यायाम असतो.

पंधरा मिनिटं कशी घालवायची?

पहिली पाच मिनिटं साधं चाला किंवा सायकल हळू चालवा. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे आणि श्वास नाकानेच चालला पाहिजे.

पुढची सहा मिनिटं आलटून पालटून करा. तीस सेकंद जोरात, इतकं की तीन-चार शब्दांच्या वर बोलता येऊ नये. मग तीस सेकंद अगदी हळू. असं सहा वेळा.

शेवटची चार मिनिटं त्या दिवशीचेच व्यायाम रिकाम्या रॉडने किंवा अगदी हलक्या डंबेलने करा. वजन उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास रोखून वजन उचलू नका.

मधल्या त्या छोट्या जोरदार फेऱ्या महत्त्वाच्या आहेत. त्यांनी श्वासनलिकांना थोडीशी चिथावणी मिळते, आणि त्यानंतर साधारण एक ते दोन तास त्या पुन्हा तितक्या सहज आकसत नाहीत. सगळ्यांना हा फायदा होत नाही, साधारण निम्म्या लोकांना होतो. पाच मिनिटं एकसारखं पळण्यात मात्र श्वास चढतो आणि हे संरक्षण तयार व्हायला पुरेसा वेळ मिळत नाही.

तुम्हाला फायदा होतो का, हे पीक फ्लो मीटरने घरच्या घरी कळतं. नळीत जोरात फुंकायचं आणि आकडा वाचायचा, इतकं ते सोपं साधन आहे. समजा, सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाचा व्यायामाआधीचा आकडा 440 आहे. पाच मिनिटं पळून वजनं उचलली आणि व्यायाम संपल्यावर दहा मिनिटांनी फुंकलं तर आकडा 360 येतो. म्हणजे 80 ने, सुमारे 18 टक्के घट. पंधरा मिनिटांच्या वॉर्म-अपनंतर तीच वजनं उचलली आणि आकडा 410 आला, तर घट सात टक्क्यांच्या आसपास. त्याच्यासाठी वॉर्म-अप काम करतोय. नीट वॉर्म-अप करूनही घट पंधरा टक्क्यांच्या वर राहत असेल तर वजन वाढवू नका, डॉक्टरांना तो आकडा दाखवा.

पंपाचं काय?

वॉर्म-अप हा औषधाला पर्याय नाही. रोजचा पंप ठरल्याप्रमाणे सुरूच ठेवा. व्यायामाआधी घेण्यासाठी लगेच आराम देणारा पंप लिहून दिला असेल, तर साधारण पंधरा मिनिटं आधी, शक्यतो स्पेसरमधून घ्या. काहींना दोन्ही कामांसाठी एकच पंप दिलेला असतो, त्यांनी तोच घ्यावा. पण आराम देणारा पंप रोज घेऊन जिम करण्याची सवय मला मान्य नाही. रोजच्या वापराने त्याचं व्यायामातलं संरक्षण कमी होत जातं, आणि आतली सूज तशीच राहते. रात्री दम्याने जाग येत असेल किंवा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा या पंपाची गरज पडत असेल, तर आधी दमा आटोक्यात आणा, मग वजनांकडे वळा.

आपल्याकडचे त्रासदायक दिवस

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद वाळवणं आणि पॉलिश करणं. दोन्हींत धूळ भरपूर. दिवसभर हळदीच्या ड्रमजवळ काम केलं असेल तर त्या संध्याकाळी जिम नको. श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात, वॉर्म-अप तिथे पुरा पडत नाही. काम करताना नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा.

हिवाळ्यात पहाटे साडेपाचची वेळ टाळा. जायचंच असेल तर वाटेत तोंडावर रुमाल बांधा.

जिममध्येही कारणं असतात. मालक सकाळी झाडू मारतात, मारुतीच्या फोटोपुढे अगरबत्ती लावतात, कुणी डिओ फवारतं. त्यानंतर अर्ध्या तासाने जा, किंवा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगा. विनंती केली तर बहुतेक मालक ऐकतात. तालमीत जात असाल तर मातीत धूळ उडत असताना जोर-बैठका बाहेर अंगणात काढा.

किती वजन आणि कधी थांबायचं?

पहिला महिना आठवड्यातून दोन दिवस, पाच-सहा व्यायाम, प्रत्येकाचे एक-दोन सेट. बारा वेळा उचलल्यावर अजून दोन-तीनदा उचलता येईल इतकंच वजन. पुढचा सेट पूर्ण वाक्य बोलता आल्यावरच सुरू करा. शेवटी पाच मिनिटं हळू चाला, एकदम थांबू नका.

छाती आवळली किंवा शिट्टी वाजू लागली की सेट अर्धवट सोडा, ताठ बसा आणि पंपाचे दोन झटके घ्या. दहा-पंधरा मिनिटांत आराम पडला नाही तर पुन्हा घ्या आणि दवाखाना गाठा. वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर वाट पाहू नका, लगेच 108 ला फोन करा. पंप जिमच्या लॉकरमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. तो तुमच्या हाताशी, पाण्याच्या बाटलीशेजारी असला पाहिजे.