समजून घ्या : ‘खर्चावर ५ टक्के’ म्हणजे नेमके कशावर? अकोल्याचे जिनिंग, अमरावतीची सूतगिरणी आणि नफ्याचे गणित

एकाच कंपनीचे अकोल्यात जिनिंग आहे आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठेत सूतगिरणी. जिनिंगमधून निघालेली रुईची गाठ ट्रकमध्ये चढते, शंभरेक किलोमीटर जाते आणि गिरणीत उतरते. मालक एकच, खिसा एकच. मग ही गाठ गिरणीला कोणत्या भावाने द्यायची? आणि तो भाव ठरवताना भांडण का होते?

भांडण होते, कारण दोन्ही युनिटचे हिशेब वेगळे असतात. दोन्हीकडच्या व्यवस्थापकांचा बोनस आपापल्या युनिटच्या नफ्यावर ठरतो. पुढे कुठल्या युनिटमध्ये नवी मशीन बसवायची आणि कुठले बंद करायचे, हेही त्याच आकड्यावरून ठरते. एका विभागाने दुसऱ्याला माल देताना लावलेल्या या भावाला हिशेबाच्या भाषेत ‘ट्रान्सफर प्राइस’ म्हणतात.

२० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. कापसापासून तयार कपड्यापर्यंतची साखळी एकाच ठिकाणी आणायची, ही त्यामागची कल्पना. साखळी एका मालकाच्या हातात आली की हा प्रश्न येणारच. त्यामुळे तो आत्ताच समजून घेतलेला बरा.

सोपा वाटणारा नियम

बहुतेक ठिकाणी नियम एका ओळीचा असतो : खर्च अधिक ५ टक्के. ही वरची टक्केवारी म्हणजे मार्कअप. बैठकीत चर्चा होते ती ५ की ६ यावर. पण ५ टक्के कशाचे, हे कोणी विचारत नाही. खरी गोम तिथेच आहे.

एक गाठ घेऊन हिशेब करू. आकडे समजण्यासाठी गोल घेतले आहेत. ५ क्विंटल कापूस, रुईचा उतारा ३४ टक्के. म्हणजे १७० किलो रुई, बरोबर एक गाठ. सोबत साधारण ३२० किलो सरकी निघते आणि उरलेले १० किलो घट धरू.

कापूस ७,५०० रुपये क्विंटलने ३७,५०० रुपयांचा झाला. सरकी ३,००० रुपये क्विंटलने विकली तर ९,६०० रुपये परत आले. म्हणजे रुईवर पडलेला कापसाचा निव्वळ खर्च २७,९०० रुपये.

आता जिनिंगचा स्वतःचा खर्च. वीज, हमाली, गाठ बांधण्याचे साहित्य, म्हणजे गाठीमागे बदलणारा खर्च ९०० रुपये. पगार, घसारा, विमा असा कारखान्याचा स्थिर खर्च ६०० रुपये. ऑफिस आणि व्याजाचा वाटा आणखी ६०० रुपये. सगळे मिळून गाठ पडली ३०,००० रुपयांना.

दुसऱ्या टोकाला गिरणी आहे. सूत विकून आलेल्या पैशातून तिचा स्वतःचा सगळा खर्च वजा केला, तर गाठीमागे ३२,००० रुपये उरतात असे धरू. या ३२,००० मधून तिला रुईचा भाव द्यायचा आहे. म्हणजे कंपनीचा एकूण नफा गाठीमागे २,००० रुपये. हा आकडा पक्का आहे. प्रश्न फक्त वाटणीचा आहे.

पाया बदलला, नफा बदलला

आता तेच ५ टक्के वेगवेगळ्या खर्चावर लावून पाहा.

• फक्त बदलत्या खर्चावर, म्हणजे २८,८०० वर : भाव ३०,२४०. जिनिंगचा नफा २४०, गिरणीचा १,७६०.

• उत्पादन खर्चावर, म्हणजे २९,४०० वर : भाव ३०,८७०. जिनिंगचा नफा ८७०, गिरणीचा १,१३०.

• ऑफिस-व्याजासह पूर्ण खर्चावर, म्हणजे ३०,००० वर : भाव ३१,५००. जिनिंगचा नफा १,५००, गिरणीचा ५००.

तिन्ही वेळा बेरीज २,००० च आहे. कापूस तोच, मशीन तीच, मजूर तेच. महिन्याला १,००० गाठी धरल्या तर जिनिंगचा नफा कुठे २ लाख ४० हजार, तर कुठे १५ लाख. टक्केवारीला कोणी हातही लावलेला नाही.

यात आणखी एक चोरवाट आहे, ती सरकीची. सरकीचे ९,६०० रुपये आधी वजा करून ५ टक्के लावायचे, की ५ टक्के लावून मग वजा करायचे? दुसरा मार्ग धरला तर पाया ३९,६०० रुपयांचा होतो आणि मार्कअप १,९८० रुपयांवर जातो. गिरणीच्या वाट्याला गाठीमागे उरतात २० रुपये. गिरणीत काहीही बिघडलेले नसते, वजाबाकीची ओळ फक्त खाली सरकलेली असते.

कापूस महागला की काय होते?

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये ७,५२१ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ८,११० झाला. आपण गोल हिशेबात ६०० रुपयांची वाढ धरू. ५ क्विंटलमागे खर्च ३,००० रुपयांनी वाढला आणि गाठ ३३,००० ला पडली. सरकीचा भाव तोच ठेवू.

पूर्ण खर्चावर ५ टक्के लावले तर मार्कअप १,५०० वरून १,६५० झाला. जिनिंगने एक किलोही जास्त रेचले नाही, तरी नफा १५० रुपयांनी वाढला. सुताचा भाव नेमका ३,००० नेच वाढला असेल, तर हे १५० रुपये गिरणीच्या ५०० मधून गेले. जिनिंगच्या एकूण खर्चात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा कापसाचाच असतो. म्हणून पूर्ण खर्चावर मार्कअप लावणे म्हणजे जिनिंगला कापसाच्या भावावर दलाली देणे झाले.

त्याहून वाईट गोष्ट उताऱ्याची. देखभाल नीट नसली किंवा खरेदीत ढिलाई झाली आणि उतारा ३४ वरून ३३ टक्क्यांवर आला, तर त्याच गाठीला सुमारे ५१५ किलो कापूस लागतो. जास्तीची सरकी वजा केली तरी खर्च जवळपास ७०० रुपयांनी वाढतो. प्रत्यक्ष खर्च अधिक ५ टक्के हा नियम असेल, तर हे ७०० रुपये गिरणी भरते आणि वर जिनिंगला ३५ रुपये जास्त नफा मिळतो. चूक करणाऱ्यालाच बक्षीस!

कंपनीला खरा तोटा कधी होतो?

इथवर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. आता पुढची पायरी पाहा. बाजारात तशीच गाठ ३१,००० ला मिळते आणि जिनिंग ३१,५०० मागते. गिरणीचा व्यवस्थापक म्हणणार, ‘मी बाहेरून घेतो, माझे ५०० वाचतात.’ त्याच्या हिशेबाने तो बरोबर आहे.

पण त्यामुळे अकोल्याचे जिनिंग रिकामे राहिले, तर कंपनीचे फक्त २८,८०० रुपये वाचतात. पगार, विमा, व्याज चालूच राहते. म्हणजे ३१,००० देऊन २८,८०० वाचवले. गाठीमागे २,२०० रुपयांचा घाटा. जिनिंग आपल्या गाठी बाहेर ३१,००० ला विकू शकत असेल, तर हा घाटा होत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न एकच : आपण घेतले नाही, तर जिनिंगच्या रुईला दुसरे गिऱ्हाईक आहे का?

उलटेही होते. बदलत्या खर्चावर ५ ऐवजी ४ टक्के लावले, तर मार्कअप १,१५२ रुपये येतो आणि १,२०० रुपयांचा स्थिर खर्चही निघत नाही. कागदावर जिनिंग गाठीमागे ४८ रुपये तोट्यात दिसते. तेच ४ टक्के पूर्ण खर्चावर लावले तर ते १,२०० रुपये नफ्यात असते. कागदावरचा हा तोटा पाहून कोणी जिनिंगला कुलूप लावले, तर कामगारांचा रोजगार जातो आणि कंपनीही बाजारातून महाग रुई घेत बसते.

मग कायद्यातले ११० टक्के?

अनेक जण जीएसटीच्या नियम ३० कडे बोट दाखवतात. त्यात उत्पादन खर्चाच्या ११० टक्के असे मूल्य सांगितले आहे. पण हा नियम करासाठी आहे आणि तो बाजारभाव किंवा तशाच मालाचा भाव मिळत नसेल तेव्हा लागतो. अकोला आणि अमरावती एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील, तर नुसत्या हस्तांतरणावर कर लागत नाही. गिरणी सीमेपलीकडे बऱ्हाणपूरला असेल, तर नोंदणी वेगळी आणि प्रश्न उभा राहतो. तिथेही घेणाऱ्याला पूर्ण इनपुट क्रेडिट मिळत असेल, तर बिलावरचे मूल्य मान्य होते.

आपल्या उदाहरणात २९,४०० चे ११० टक्के म्हणजे ३२,३४०. या भावाने गिरणी ३४० रुपये तोट्यात जाईल. करासाठीचा आकडा व्यवस्थापकाचे काम मोजायला वापरू नये, एवढाच याचा अर्थ.

त्या नियमाच्या परंपरेतून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. उत्पादन खर्च मोजण्याचे कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड ४ पायात काय धरायचे हे लिहूनच ठेवते : व्याज आणि विक्रीखर्च बाहेर, उपपदार्थाचे मूल्य वजा. आपल्या कंपन्यांच्या नियमात नेमकी हीच ओळ नसते.

आमचे मत

रुईला रोजचा बाजारभाव आहे. तो सरळ मिळत असेल तर तोच वापरावा, मार्कअपच्या भानगडीत पडू नये. आपल्या उदाहरणात ३१,००० भाव ठेवला की दोन्ही युनिटना १,००० रुपये नफा मिळतो.

खर्चावरच भाव ठरवायचा असेल, तर कापूस आहे त्या भावाने पुढे द्यावा आणि मार्कअप फक्त जिनिंगच्या स्वतःच्या २,१०० रुपयांच्या खर्चावर लावावा. हजार रुपयांसाठी तो ४७.६ टक्के येतो. ऐकायला लूट वाटते, पण पूर्ण खर्चावरचे ३.३३ टक्के म्हणजेही तेच हजार रुपये. फरक कापूस महागल्यावर कळतो : पहिल्या पद्धतीत हजाराचे हजारच राहतात, दुसरीत अकराशे होतात. शिवाय उतारा वर्षाच्या सुरुवातीला ठरवून टाकावा. उतारा घसरला तर त्याचा भार जिनिंगनेच सोसावा.

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभासदांनाही हे लागू आहे. ‘आपले जिनिंग तोट्यात आहे’ असे सभेत सांगितले गेले, तर हात वर करून तीन गोष्टी विचारा. मार्कअप कोणत्या खर्चावर लावला? सरकी आधी वजा केली की नंतर? आणि खर्च ठरलेल्या उताऱ्याने धरला की प्रत्यक्ष? उत्तरे मिळेपर्यंत ठरावावर सही करू नका.