एका लग्नपत्रिकेचे दोन मजकूर

कन्हान येथील एका व्यापारी श्रावक कुटुंबात कन्येच्या विवाहाची पत्रिका तयार होत होती. विवाह योजिला होता रविवार, 24 नोव्हेंबर 2024 रोजी. वर बंगळूरु येथे नोकरीस. त्याचे बहुतेक सहकारी मराठी न जाणणारे. म्हणून पत्रिका मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापावी, असे ठरले. वराकडील एका मित्राने इंग्रजी मजकूर लिहून धाडला, छापखान्यातील मुलाने त्यावरून मराठी उतरविले आणि कच्ची प्रत घरी आली. वधूच्या आजी चष्मा लावून वाचू लागल्या आणि दुसऱ्याच ओळीवर थबकल्या. त्यांच्या सुनेच्या नावामागे ‘श्रीमती’ छापले होते.

इंग्रजी मजकुरात ‘एसएमटी’ ही तीन अक्षरे होती. त्यांचा अर्थ मुलाने श्रीमती असा केला. शब्दकोशाच्या दृष्टीने त्यात चूक नाही, आणि हिंदीत तर पती हयात असलेल्या स्त्रीलाही श्रीमतीच म्हणतात. मराठी पत्रिकेचा संकेत मात्र निराळा आहे. येथे सुवासिनीच्या नावामागे ‘सौ.’ येते आणि ‘श्रीमती’ हे बहुधा पती निवर्तलेल्या स्त्रीसाठी राखलेले असते. त्या पत्रिकेत ते खुद्द आजींच्या नावामागे शोभले असते. हाच मजकूर पाचशे घरी गेला असता, तर वधूपित्याविषयी काय समजूत झाली असती, हे सांगावयास नको. (हा संकेतच आता नको, असे मानून सर्वच स्त्रियांना श्रीमती लिहिणारी घरे आहेत. तो निर्णय योग्यच, परंतु तो घराने जाणून घेतलेला असावा, छापखान्याने नव्हे.)

आजींच्या आग्रहावरून कुटुंबातील एका निवृत्त शिक्षकांना पाचारण करण्यात आले. त्यांनी दुरुस्ती करण्याऐवजी दोन्ही मजकूर बाजूस ठेवले व एका कोऱ्या कागदावर केवळ तपशील लिहिले : नावे, नाती, दिवस, वेळ, स्थळ, भोजन. हे तपशील दोन्ही भाषांत तंतोतंत सारखे असावेत. आदर मात्र प्रत्येक भाषेने आपल्या रीतीने व्यक्त करावा, असे त्यांचे म्हणणे.

ही रीत कोठे वेगळी पडते, हे पहिल्याच वाक्यात दिसते. मराठी पत्रिकेत यजमान स्वतः बोलतो. म्हणून त्यांनी लिहिले : ‘आमचे येथे श्री जिनेंद्रकृपेने आमची कन्या चि. सौ. कां. अमुक हिचा शुभविवाह चि. अमुक यांचेशी करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.’ आणि खाली ‘आपले विनीत’ म्हणून आईवडिलांची नावे. इंग्रजी औपचारिक निमंत्रणात यजमानाचे नाव सर्वांत वर येते व तो स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलतो : ‘मिसेस अमुक अँड मिस्टर अमुक रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी ॲट द मॅरेज ऑफ देअर डॉटर.’ तेथे खाली सही नसते. मित्राच्या मजकुरात वर नावे, मध्येच ‘वुई’ आणि पुन्हा खाली नावे, असे तिन्ही होते. इंग्रजी वाचणाऱ्याला अशा ठिकाणी बोलणारा कोण, हेच कळत नाही. वर एकदा ‘देअर’ म्हटले की शेवटपर्यंत ‘वुई’ व ‘अवर’ येता कामा नये, ही एक गोष्ट पाहिली तरी निम्मा मजकूर सुधारतो.

‘चि. सौ. कां.’ हे इंग्रजी अक्षरांत उतरविण्याचा मोहही शिक्षकांनी आवरला. चिरंजीव व सौभाग्यकांक्षिणी हे वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद आहेत. परभाषिक वाचकाला ती केवळ न उलगडणारी अक्षरे दिसतात. इंग्रजी रीतीत आईवडील निमंत्रण देतात तेव्हा मुलीचे नाव उपाधीविना येते, आणि तेथे त्यात अनादर नाही. ‘सहकुटुंब, सहपरिवार’ या शब्दांचे स्थानही तेथे बदलते. इंग्रजी पद्धतीत कोणाकोणाला बोलावले आहे, हे पाकिटावरील नावांवरून ठरते. पाकिटावर एकाच सहकाऱ्याचे नाव असेल तर तो एकटाच येईल. म्हणून सहकुटुंब बोलवावयाचे त्यांच्या पाकिटांवर नावापुढे ‘अँड फॅमिली’ लिहिण्याचे ठरले. पत्रिकेत तो शब्द मग घातला नाही.

दिवसाच्या बाबतीत मात्र दोन्ही घरांत किंचित वाद झाला. कन्हानच्या पंचांगाप्रमाणे ती तिथी कार्तिक वद्य नवमी, वराकडील वडील मंडळी हिंदी पंचांग पाळणारी. त्यांच्या मते मार्गशीर्ष कृष्ण नवमी. दोघांचेही बरोबर होते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव जुळते आणि वद्य पक्षात एका महिन्याचे अंतर पडते. मराठी बाजूस ‘वीर निर्वाण संवत् 2551, शके 1946, कार्तिक वद्य 9’ असे ठेवले व इंग्रजी बाजूस केवळ वार व तारीख. वीर निर्वाण संवत् दिवाळीनंतर बदलतो, हेही ध्यानात ठेवावे लागले : दिवाळीपूर्वी इसवी सनात 526 मिळवावयाचे, त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत 527. कच्च्या प्रतीत 2550 छापले होते. बहुधा मागील वर्षीच्या एखाद्या पत्रिकेवरून ते उचलले असावे.

सर्वांत मोठा घोटाळा होणार होता तो भोजनाचा. मराठीत ‘भोजन सूर्यास्तापूर्वी’ एवढे दोन शब्द पुरतात. समाजातील प्रत्येकास त्याचा अर्थ ठाऊक असतो. इंग्रजीत मित्राने लिहिले होते, ‘रिसेप्शन अँड डिनर, फोर पीएम ऑनवर्ड्स.’ ‘डिनर’ म्हटले की शहरातील माणूस रात्री आठचा विचार करतो, आणि ‘ऑनवर्ड्स’ने त्याला मोकळीकच मिळते. नोव्हेंबरअखेर नागपूर परिसरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पाहुणे सात वाजता आले असते, तेव्हा पंगती उठून गेलेल्या, आणि यजमानांवर ओशाळण्याची वेळ. शिक्षकांनी इंग्रजी बाजूस ‘डिनर’ काढून ‘मील’ हा शब्द घातला, ‘फ्रॉम फोर टू हाफ पास्ट फाइव्ह’ अशी दोन्ही टोके दिली व ‘बिफोर सनसेट’ हे जोडले. मराठीतही मग वेळेचे आकडे घातले, कारण तपशील दोहोंकडे सारखे हवेत.

पत्त्याच्या बाबतीत इंग्रजी बाजू एका ओळीने लांबली. मराठी वाचकाला ‘कन्हान’ पुरते. बंगळूरुहून येणाऱ्याला नागपूरपासून वीसएक किलोमीटर, कामठी सोडून नदीचा पूल ओलांडल्यावर, हे सांगावे लागते. त्यामुळे दोन्ही मजकूर समोरासमोर ओळीस ओळ लावण्याचा छापखान्याचा बेत सोडून प्रत्येकास स्वतंत्र पान देण्यात आले.

दुसरी कच्ची प्रत आली तेव्हा शिक्षकांनी नातवाला इंग्रजी पान वाचावयास सांगितले आणि स्वतः मराठी पान समोर धरून केवळ नावे, आकडे व वार ताडून पाहिले. वराच्या आडनावातील एक अक्षर इंग्रजीत गळलेले निघाले. आजींनी सुनेच्या नावामागचे ‘सौ.’ बोट ठेवून पाहिले, मग स्वतःच्या नावामागचे ‘श्रीमती’, आणि प्रत छपाईस सोडण्यास संमती दिली.